पान ११, ओळ ७

सकाळी ६:३०

कसबा गणपतीच्या देवळातली घंटा वाजते तेव्हा माझ्या टेबलावरचा दिवा लागलेला असतो. वाड्याच्या वरच्या मजल्यावरची ही खोली म्हणजे माझं ऑफिस. आज टेबलावर एकच गठ्ठा आहे, छेचाळीस पानांची साक्ष. प्रतिवादीचा उलटतपास आणि त्यामागून फेरतपास. गुरुवारी प्रतिवादीचा दुसरा साक्षीदार, म्हणजे शेजारचा दुकानदार, उभा राहणार आहे. त्याचा उलटतपास आमचे सर घेणार. त्याआधी पहिल्या साक्षीदाराने कोणत्या विषयावर काय सांगितलं, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, याचा गोषवारा त्यांच्या हातात हवा. तो करणं हे माझं आजचं काम.

दावा आमच्या पेठेतल्याच एका वाड्याचा आहे. नावं मी लिहीत नाही, तारखा आणि तपशीलही बदलले आहेत. वाडामालक वादी. तळमजल्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानाचा भाडेकरू प्रतिवादी. मालकाचं म्हणणं दोन पायांवर उभं आहे. पहिलं, दावा दाखल होण्याआधी सलग सहा महिने दुकान बंद होतं. दुसरं, मुलीच्या दवाखान्यासाठी त्यांना जागा हवी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये जागा परत मागण्याची ही दोन्ही कारणं आहेत. दावा १४ जून २०१९ चा, म्हणून आमचे सहा महिने १४ डिसेंबर २०१८ पासून मोजायचे.

पहिलं वाचन मी हातात पेन्सिल न घेता करते. खुणा करायला लागलं की डोळा आपल्या सोयीच्या वाक्यांवर थांबतो आणि गैरसोयीची वाक्यं नुसती सरकून जातात. साक्षीदार कसा बोलतो, कुठे भरभरून सांगतो, कुठे ‘आठवत नाही’च्या आड जातो, हे आधी कानात बसायला हवं.

सकाळी ८:००

चहा झाला की पेन्सिल आणि पट्टी. ही साक्ष न्यायालयात नाही, कोर्ट कमिशनरसमोर झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ साली झालेल्या बदलानंतर सरतपास प्रतिज्ञापत्रावर येतो आणि उलटतपास न्यायाधीशांपुढे किंवा त्यांनी नेमलेल्या कमिशनरपुढे होतो. अमेरिकेत दाव्याच्या तयारीत वकिलाच्या ऑफिसात शपथेवर जी जबानी घेतात, तिच्याशी जुळणारी आपल्याकडची गोष्ट हीच. तिथल्या जबानीच्या पानावर पंचवीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला छापील आकडा असतो. आपल्या साक्षीत परिच्छेदांना आकडे असतात, ओळींना नसतात. एका परिच्छेदात तीन कबुल्या, दोन नकार आणि एक ‘माहीत नाही’ एकत्र नांदत असतात. युक्तिवादात ‘परिच्छेद १९ पाहावा’ म्हटलं तर न्यायाधीशांनी त्यातलं नेमकं काय पाहावं?

म्हणून मी समासात दर पाचव्या ओळीला पेन्सिलीने आकडा घालते. पान १७, ओळ २० असेल तर १७/२०. पान फक्त एकच चालतं, साक्षीदाराची आणि कमिशनरची सही असलेल्या नकलेचं. संगणकातली फाइल शोधाशोधीला बरी, संदर्भाला नाही. वकिलीच्या सुरुवातीला मी एकदा फाइलचा प्रिंट काढून त्यावरून संदर्भ दिले होते. माझ्याकडचा फॉन्ट वेगळा होता. दहाव्या पानापासून ओळी सरकत गेल्या आणि तिसाव्या पानापर्यंत अर्ध्या पानाचा फरक पडला. न्यायालयात पान उघडलं तेव्हा मी सांगितलेली ओळ तिथे नव्हती. वाक्य खरं होतं, पण ते सापडेपर्यंत सरांचा सगळा ओघ तुटला.

सकाळी ९:३०

आता विषय. ते मी साक्षीतून काढत नाही, न्यायालयाने काढलेल्या मुद्द्यांमधून काढते. निकाल त्या मुद्द्यांवर लागतो, म्हणून गोषवाऱ्याचे कप्पेही तेच हवेत. या दाव्यात पाच होतात: भाडं आणि ताबा, धंद्याचं स्वरूप, दुकान बंद होतं का, वादीची गरज, आणि कोणाची अडचण जास्त. शेवटचा महत्त्वाचा, कारण मालकाची गरज खरी ठरली तरी ताबा दिल्याने भाडेकरूची अडचण जास्त होणार असेल तर त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. सहावा कागद हरकतींसाठी. कमिशनरला हरकतीवर निर्णय देता येत नाही, तो फक्त नोंदवतो आणि न्यायालय युक्तिवादाच्या वेळी ठरवतं. ती ओळ गोषवाऱ्यात राहिली नाही तर आपलीच हरकत आपण विसरतो.

प्रत्येक विषयाला स्वतंत्र कागद, आणि कागदावर चार रकाने: विधान, पान आणि ओळ, निशाणी, शेरा.

पानांच्या क्रमाने गोषवारा केला तर तो लवकर होतो, पण उपयोगाचा नसतो. सर उलटतपास घेताना मुद्दाम उड्या मारतात. विजेचं विचारता विचारता मुलाच्या घराचं विचारतात, मग परत भांड्यांवर येतात, म्हणजे साक्षीदाराला पुढच्या प्रश्नाचा अंदाज येत नाही. त्या उड्या टाइप झालेल्या पानांवर तशाच उतरतात. विखुरलेले धागे एका कागदावर आणणं हेच माझं काम.

सकाळी ११:००

तांबट आळीतली ठोकठोक सुरू झाली आहे. आता एकेक वाक्य उचलायचं.

इथे सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे क्रियापद. आपल्याकडे साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांत नोंदवत नाहीत. प्रश्न उत्तरात विरघळतो आणि साक्षीदाराच्या तोंडचं सलग निवेदन तयार होतं. वकिलाने सुचवलेली गोष्टही साक्षीदाराच्याच वाक्यात येऊन बसते. समजा, असं लिहिलेलं आहे: ‘हे म्हणणे खरे नाही की, २०१८ च्या दिवाळीनंतर मी दुकानाला कुलूप लावले.’ यात कुलपाचा पुरावा काहीच नाही. कुलूप हा आमचा शब्द, साक्षीदाराचा फक्त नकार. घाईत वाचणारा मात्र ‘दिवाळी, दुकान, कुलूप’ एवढंच टिपतो.

त्याहून अवघड दुहेरी नकार. पान २२, ओळ ८: ‘हे म्हणणे खरे नाही की, डिसेंबर २०१८ नंतर मी दुकानात एकही भांडे दुरुस्तीला घेतले नाही.’ दोन ‘नाही’ एकमेकांना खाऊन टाकतात. ‘भांडं घेतलं नाही’ असा गोषवारा केला तर तो सरळ उलटा झाला. ‘भांडी घेतली’ असं लिहिलं तर साक्षीदाराच्या तोंडी त्याने न उच्चारलेलं विधान घातलं. मी लिहिते: ‘डिसेंबर २०१८ नंतर एकही भांडे घेतले नाही, ही सूचना नाकारली, २२/८–९. त्या काळातली पावती हजर केलेली नाही असे सांगतो, २२/१२.’ लांबतं थोडं, पण सर उद्या हे वाचून उभे राहिले तर पायाखालची जमीन सरकणार नाही.

‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’, ‘सांगता येणार नाही’ हीसुद्धा तीन वेगळी उत्तरं आहेत. माहीत नाही म्हणणाऱ्याला ते कधीच कळलेलं नव्हतं. आठवत नाही म्हणणाऱ्याला कागद दाखवून आठवण देता येते. मी ती जशीच्या तशी उतरवते.

अकरा-साडेअकराच्या सुमारास पान १७ येतं. निशाणी ५२, म्हणजे डिसेंबर २०१८ ते मे २०१९ ची सहा वीजबिलं. साक्षीदार म्हणतो, मीटर माझ्या नावावर आहे, बिलं खरी आहेत, प्रत्येक बिलात वापर शून्य युनिट दाखवला आहे. १७/२० ते १८/६. पहिल्या वाचनात हीच ओळ मला आमची सगळ्यात भक्कम वाटली होती. शून्य युनिट म्हणजे दुकान बंद, असं मनात ठरूनही गेलं होतं.

खिडकीतून ठोकठोक येत राहते आणि माझा हात थांबतो. मठारकाम करणाऱ्या कारागिराला वीज कशाला लागते? हातोडा, ऐरण आणि दारातून येणारा उजेड एवढ्यावर त्याचा दिवस जातो. प्रतिवादीचे वकील युक्तिवादात एवढंच म्हणतील आणि सहा बिलं एका वाक्यात निकामी होतील. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिते: ‘धंद्याला वीज लागते का? साक्षीत शोधणे.’

दुपारी १:००

पान ३१ ला आणखी एक अडचण येते. ओळ १६ टाइपमध्ये अशी आहे: ‘दिवाळीनंतर मी मुलाकडे राहायला गेलो. त्या काळात मी दुकान उघडत नव्हतो.’ वाचून कोणालाही आनंद व्हावा. पण ‘दुकान’च्या पुढे ओळीच्या वर हाताने एक शब्द घातलेला आहे, बाजूला सहीची खूण आहे, आणि माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये तो इतका पुसट आहे की ‘रोज’ आहे की ‘दोन’ हे कळत नाही. साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवतात तेव्हा अशा दुरुस्त्या होतात. संगणकातल्या फाइलमध्ये त्या नसतात.

अंदाजाने लिहिण्यासारखी ही ओळ नाही. मूळ रेकॉर्डची पाहणी करायचा अर्ज कालच दिलेला होता. कसबा पेठ स्थानकात उतरून मेट्रो धरते. जिल्हा न्यायालय पुढचंच स्थानक आहे. शिवाजीनगरला मूळ पान समोर आलं की शाईचा शब्द स्वच्छ दिसतो: ‘रोज’. वाक्य होतं, ‘त्या काळात मी दुकान रोज उघडत नव्हतो.’ खाली साक्षीदाराची आणि कमिशनरची आद्याक्षरं.

एका शब्दाने पूर्ण कबुलीची अर्धी कबुली झाली. परतीच्या वाटेवर मी थोडी हिरमुसलेली असते, पण ते मेट्रोतच सोडून यायचं असतं. गुरुवारी हे टाइप केलेलं वाक्य सरांच्या तोंडून गेलं असतं आणि समोरच्या वकिलांनी मूळ पान उघडून ‘रोज’ दाखवलं असतं, तर आमच्या बाकीच्या खऱ्या संदर्भांवरचा विश्वासही उडाला असता.

दुपारी ३:००

जेवण करून परत टेबलाशी. आता तिसरा कागद, ‘दुकान बंद होतं का’. आधी शेऱ्यातला प्रश्न सोडवायचा. ‘धंद्याचं स्वरूप’ या दुसऱ्या कागदावर काही नाही. मग मी पाचवा कागद काढते, ‘कोणाची अडचण जास्त’. तिथे पान ११ वरची एक नोंद सकाळीच केलेली आहे. दुकान दुसरीकडे का नेता येत नाही हे सांगताना साक्षीदार आपणहून म्हणाला होता: ‘माझ्या दुकानात मोटारीवर चालणारे पॉलिशचे मशीन आहे. प्रत्येक भांडे शेवटी त्या मशीनवर घ्यावे लागते. ते मशीन हलवता येणार नाही.’ ११/७ ते ११/१०.

अडचणीच्या मुद्द्यावर हे वाक्य त्याच्या बाजूचं आहे. पण तिसऱ्या कागदावर आणून शून्य युनिटांशेजारी ठेवलं की त्याचा अर्थ पालटतो. प्रत्येक भांडं मशीनवर जातं, मशीन मोटारीवर चालतं, आणि सहा महिने एक युनिटही जळलेलं नाही. पान ११ आणि पान १७ यांच्यामध्ये सहा पानं आणि बहुधा दीड तासाची साक्ष आहे. क्रमाने वाचताना दोघांची गाठ पडतच नाही. म्हणून अशी ओळ मी दोन्ही कागदांवर लिहिते आणि एकमेकींचा हवाला देते.

पूर्ण झालेला तिसरा कागद असा दिसतो:

१. दुकान रोज सकाळी १० ते रात्री ८ उघडे असते असे सांगतो. ९/४–११.

२. प्रत्येक भांडे मोटारीवरच्या पॉलिश मशीनवर घ्यावे लागते. ११/७–१०. (कागद ५ पाहणे.)

३. डिसेंबर २०१८ ते मे २०१९ ची बिले खरी. वापर शून्य युनिट. १७/२० ते १८/६. निशाणी ५२.

४. या काळात एकही भांडे घेतले नाही, ही सूचना नाकारली. २२/८–९. पावती हजर नाही. २२/१२.

५. दिवाळी २०१८ नंतर मुलाकडे राहायला गेला. दुकान ‘रोज’ उघडत नव्हता. ३१/१४–१७. (‘रोज’ हाताने घातलेला, आद्याक्षरांसह. मूळ रेकॉर्डवर पडताळले.) नोंद १ शी विसंगत.

६. फेरतपास: त्या काळात मीटर बिघडला होता. ४४/३–१०. आमची हरकत नोंदवलेली. ४४/११–१४.

७. त्यावर पुन्हा उलटतपास: वीज कंपनीकडे केलेल्या तक्रारीची प्रत माझ्याकडे नाही. ४५/२–६.

सातव्या नोंदीत ‘तक्रार केली नाही’ असं लिहायचा मोह होतो. पण तो तसं म्हणाला नाही. प्रत जवळ नसणं आणि तक्रारच न करणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढायचं असेल तर ते युक्तिवादात, गोषवाऱ्यात नाही.

संध्याकाळी ५:३०

आता उलटी पडताळणी. सकाळपासून मी साक्षीतून कागदाकडे गेले, आता कागदाकडून साक्षीकडे जायचं. प्रत्येक नोंदीचं पान उघडायचं, दिलेल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या दोन-दोन ओळी वाचायच्या. चूक सापडते ती बहुधा याच शेजारच्या ओळींत. साक्षीदार एक गोष्ट कबूल करतो आणि पुढच्याच ओळीत ‘स्वतःहून सांगतो’ म्हणून खुलासा जोडतो. संदर्भ खुलाशाच्या अलीकडे तोडला तर तो अर्धवट ठरतो. आज असे दोन सापडतात. पान ९ चा संदर्भ ९/८ वर थांबला होता, तो ९/११ पर्यंत वाढवते.

मग छेचाळीस पानं भराभर उलटून बघते, कोणत्या पानावर माझी एकही खूण नाही. पान २७ आणि २८ कोरी निघतात. तिथे नात्यागोत्याचे प्रश्न आहेत, पाचांपैकी कुठल्याच मुद्द्याला लागत नाहीत. तरीही ‘पान २७–२८, मुद्द्यांशी संबंध नाही’ अशी एक ओळ लिहून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की ती पानं सुटलेली नाहीत, सोडलेली आहेत.

संध्याकाळी ७:००

सर येतात. जिना चढून आले की आधी पाणी, मग कागद. ते तिसरा कागद वाचतात आणि सहाव्या नोंदीवर बोट ठेवतात.

“मीटर बिघडल्याचं इथे कशाला? फेरतपास वेगळा ठेवता आला असता.”

“ठेवता आला असता सर, पण शून्य युनिटांचं त्यांच्याकडचं उत्तर तेच आहे. तुम्ही बिलं दाखवाल त्याच क्षणी ते पान ४४ उघडतील. ते वेगळ्या कागदावर असलं तर तुम्हाला तेव्हा शोधावं लागेल.”

ते पुन्हा वाचतात. “आणि मशीनचं? हे मी विचारलं होतं?”

“नाही सर. दुकान का हलवता येत नाही असं तुम्ही विचारलंत, त्याच्या उत्तरात आलं.”

निशाणी ५२ आम्ही दोघं मिळून परत बघतो. बिलावर मीटरच्या स्थितीचा रकाना असतो. सहाही बिलांत तिथे मीटर सुरळीत असल्याची नोंद आहे. सर समाधानाने मान हलवतात. मी शेऱ्यात लिहिते: ‘मीटरच्या स्थितीबद्दल साक्षीदाराला विचारलेले नाही. फक्त बिलावरून.’ बिल पुराव्यात आहे, त्यावर युक्तिवाद करता येईल. पण समोरचे म्हणतील की हे साक्षीदाराला दाखवून खुलासा मागितलाच नाही. ही उणीव सरांना आज माहीत असलेली बरी.

रात्री ९:००

शेवटचं अर्धं पान. शेजारच्या दुकानदाराला गुरुवारी विचारायचे प्रश्न सर सांगतात, मी प्रत्येकासमोर आकडा लिहिते. प्रतिवादीच्या दुकानातून मशीनचा आवाज तुमच्या दुकानात येतो का? ११/७. डिसेंबर ते मे तो आवाज कधी ऐकलात? १७/२०. त्या काळात आळीत वीज गेल्याची किंवा मीटर बिघडल्याची गोष्ट कानावर आली का? ४४/३. दुकान आठवड्यातून किती दिवस उघडलेलं पाहिलंत? ९/४, ३१/१६.

त्याचं उत्तर काय येईल हे आम्हाला ठाऊक नाही. तो कदाचित म्हणेल, मशीन रोज ऐकू येत होतं. मग बिलं आणि त्याची साक्ष समोरासमोर येतील आणि न्यायालय ठरवेल. पण जे काही म्हणेल ते कशाशेजारी ठेवायचं, ती ओळ सापडलेली आहे.

सर गेल्यावर मी नक्कल पिशवीत घालते. आळीतले हातोडे संध्याकाळीच थांबलेत. दिवा मालवण्याआधी पान ११ पुन्हा एकदा उघडते, सातव्या ओळीवर बोट ठेवते आणि वाक्य शब्दन्‌शब्द जुळतंय ना ते पाहते. जुळतं.